काका कर्जाबद्दल बोलत होते

माझा आतेभाऊ वडोदऱ्यात विमा एजंट झाला, तेव्हा त्याचं पहिलं मोठं गिऱ्हाईक होतं रावपुऱ्यातले एक दुकानदार काका. वय ४४, घरी बायको आणि दोन शाळकरी मुलं. भाऊ लॅपटॉप उघडून बसला आणि २० वर्षांनी किती रक्कम परत मिळेल, त्याचे तक्ते दाखवू लागला.

काका मध्येच म्हणाले, "अरे, दुकानावर ४० लाखांचं कर्ज आहे." भावाला वाटलं, हप्ता परवडत नसावा. त्याने कमी हप्त्याची योजना काढली. थोड्या वेळाने काका पुन्हा म्हणाले, "कर्जाचं काय ते बघ." यावर भावाने आणखी स्वस्त योजना काढली. काकांनी चहा पाजला, "विचार करून सांगतो" म्हणाले आणि पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एजंटकडून १ कोटीचा टर्म विमा घेतला.

भावाने त्यांना भेटून कारण विचारलं. काका म्हणाले, "मी गेल्यावर पैसे बायकोला मिळणार की देणेकऱ्यांना, एवढंच मला हवं होतं. त्याने ते विचारलं."

त्या एजंटने पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली, म्हणजे एमडब्ल्यूपी कायद्याखाली काढली होती. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर बायको-मुलांच्या नावे अशी पॉलिसी घेतली, की ती रक्कम त्यांच्यासाठीचा ट्रस्ट मानली जाते. देणेकरी तिच्यावर हक्क सांगू शकत नाहीत. नुसता नॉमिनी लावून एवढी खात्री मिळत नाही. मात्र हे पॉलिसी घेतानाच ठरवावं लागतं, नंतर जोडता येत नाही. लाभार्थीही मनाला येईल तसे बदलता येत नाहीत. आणि देणेकऱ्यांना फसवायला पॉलिसी घेतल्याचं सिद्ध झालं, तर पॉलिसीच्या रकमेवर त्यांचा दावा येऊ शकतो.

भाऊ हा कायदा शिकला. पण खरं शिक्षण पुढच्या भेटीत झालं. एक शिक्षक तेच म्हणाले, "घराचं कर्ज आहे हो." या वेळी भावाने कायदा सांगितला नाही. "कर्जाची कसली काळजी वाटते?" एवढं विचारून तो गप्प बसला. ते जरा थांबून म्हणाले, "हप्ते अजून १५ वर्षं आहेत. त्यातून विम्याला फारसं उरत नाही." म्हणजे इथे अडचण खरोखरच हप्त्याची होती. मग भावाने ७५ व्या वर्षापर्यंतचा विमा बाजूला ठेवून १५ वर्षांचाच टर्म विमा सुचवला. मुदत कमी, म्हणून हप्ताही कमी. त्यांनी तो घेतला.

दोघांचा शब्द एकच होता, काळजी वेगळी होती. आता भावाच्या वहीत पहिल्या पानावर योजनेचं नाव नसतं. गिऱ्हाईक जे दोनदा बोललं, ते वाक्य त्याच्याच शब्दांत लिहिलेलं असतं, आणि त्याचा अर्थ विचारल्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही.