आकडा आणि गल्ला

दुकानाच्या समाजमाध्यमांचा मासिक अहवाल एकच गोष्ट सांगतो: फोनवर जे दिसले, त्यातून दुकानात काय आले. होटगी हे सोलापूरजवळचे रेल्वे जंक्शन. तिथल्या एखाद्या चादरी-टॉवेलच्या छोट्या दुकानाचे उदाहरण घेता येईल.

समजा, फेब्रुवारीत 5,600 व्ह्यूज होते आणि मार्चमध्ये 5,890 झाले. दुकानदाराला बरे वाटते. पण गल्ला तसाच राहिला की मन खट्टू होते. फेब्रुवारीचे दिवस 28, मार्चचे 31. रोजची सरासरी 200 वरून 190 वर आलेली असते. शिवाय एकाच माणसाने रील तीनदा पाहिली तर व्ह्यूज तीन होतात, रीच मात्र एकच राहते. म्हणून अहवालात दोन्ही आकडे वेगळे लिहावे लागतात. पैसे देऊन केलेल्या जाहिरातीचे आकडेही स्वतंत्र ठेवावे लागतात.

त्यानंतर शहरांची यादी येते. पाहणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे असतील आणि दुकान कुरिअरने माल पाठवत नसेल, तर त्या गर्दीतून विक्री क्वचितच होते. गूगलवरील ‘कॉल’चा आकडाही बटण दाबल्याचा असतो, बोलणे झालेच असे नाही.

खरा दुवा काउंटरवर जुळतो. बिल करताना “दुकानाचं कुठून कळलं?” एवढे विचारून वहीत खूण केली, की अहवालाला आधार मिळतो. रील पाहून आलेला, पण काही न बोलता चादर घेऊन गेलेला माणूस तरीही मोजणीबाहेरच राहतो.