पगाराच्या चिठ्ठीतले दोनशे रुपये

परवा राजापेठेत चहा पिताना एका दुकानात काम करणाऱ्या ओळखीच्या पोराने पगाराची चिठ्ठी पुढे केली. पगार १२ हजार, कपात २०० रुपये. म्हणे, "भाऊ, मी तं इन्कम टॅक्समध्ये बसतच नाही, मंग हे दोनशे कायचे?"

हे दोनशे म्हणजे व्यवसाय कर, चिठ्ठीत 'पीटी' लिहिलेला. १९७५ च्या कायद्याने महाराष्ट्रात आला, तेव्हा रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. पुरुषाचा पगार महिन्याला १० हजारांवर गेला की दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. त्याच्या वरच्या पगारांना दुसरा टप्पाच नाही.

आता हिशेब करा. या पोराची वर्षाची कमाई १ लाख ४४ हजार. त्यातले २,५०० म्हणजे पावणेदोन टक्के. वर्षाला १८ लाख कमावणारा साहेबही २,५००च भरतो. त्याचा वाटा सातशे रुपयांत एक रुपया. कमाई वाढते तसा कराचा टक्का घसरतो, म्हणून हा प्रतिगामी कर. सगळ्यांना सरसकट एक टक्का लावला असता तर तो प्रमाणशीर झाला असता. पोराला १,४४० पडले असते, साहेबांना १८ हजार.

प्राप्तिकर याच्या उलट, प्रगतिशील. २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत या पोराला शून्य आणि साहेबांना, प्रमाणित वजावट धरूनही, साधारण दीड लाख.

आपल्याकडे एक समज पक्का आहे, की प्रत्यक्ष कर श्रीमंतांचा आणि अप्रत्यक्ष कर गरिबाच्या मानगुटीवर. जीएसटीबद्दल ते बऱ्याच अंशी खरंय. साबणाच्या वडीवर दोघांना ५ टक्केच, पण पोराचा सगळा पगार खर्चात जातो आणि साहेबांचा बराचसा शिल्लक राहतो. पण प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष या शब्दांतून एवढंच कळतं की कर ज्याच्यावर लावला त्याच्याच खिशातून जातो, की किमतीत मिसळून पुढच्यावर ढकलला जातो. पीटी पूर्ण प्रत्यक्ष आहे. पगारातून थेट कापला जातो, दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. तरी तो प्रतिगामी आहे.

सरकार साहेबांकडून जास्त का घेत नाही? राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये या कराला माणशी वर्षाला कमाल मर्यादा आहे. आधी ती २५० होती, १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली, आणि अजून तेवढीच आहे. छत वर उचलणं मुंबईच्या हातात नाही, त्यासाठी दिल्लीत घटनादुरुस्ती लागते.

खालचा उंबरठा मात्र मुंबईच्याच हातात आहे. एप्रिल २०२३ पासून महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर पीटी माफ झाला, आणि चांगलं झालं. त्याच दुकानात, त्याच १२ हजारांवर बिल फाडणाऱ्या ताईचे दोनशे कापत नाहीत. पोराने हेही विचारलं, "मंग आमचे दहा हजार तिथंच कायले ठेवले?"

याचं उत्तर आपल्या आमदारांनी द्यावं.