मुंग्यांची दारं

खानदेशातल्या शाळांची मैदानं वर्षातून तीनदा तरी कात टाकतात. आषाढात काळ्या मातीचा चिखल चपलेला असा धरतो की चप्पल मागे राहते आणि पाय पुढे जातो. दिवाळीच्या आसपास तीच माती मऊ, भुसभुशीत, गवताच्या वाळत्या काड्यांनी भरलेली असते. वैशाखात तिला अशा भेगा पडतात की गोटी पडली तर गेलीच. माझ्या भाचीच्या जळगावच्या शाळेचं मैदान असंच आहे. मधोमध कबड्डी-क्रिकेटसाठी मुरूम टाकून दाबलेला, कडेने मूळची काळी माती, कुंपणभिंतीलगत कडुनिंबाची रांग आणि एका टोकाला पाण्याचा नळ. डबा खायची जागा अर्थातच निंबाखाली.

सहावीतल्या या मुलीच्या डोक्यात ऑक्टोबरात शिरलं की या मैदानावर मुंग्यांची वारुळं किती, ते मोजायचं. वारूळ म्हणजे मातीचा उंच ढिगारा, असं आपल्या डोळ्यांसमोर येतं. इथे तसं काही नाही. इथे आहेत जमिनीतली भोकं. काही हरभऱ्याएवढी, काही सुईच्या नाकाएवढी, काहींभोवती बारीक मातीचं कडं, काहींभोवती गवताच्या बियांच्या टरफलांचं रिंगण. दोन भोकं वीतभर अंतरावर असली तर ती एकाच घराची दोन दारं की दोन घरं, हे वरून कळत नाही. खणून पाहायचं तर घर मोडतं. म्हणून तिने घरं मोजायचा नाद सोडून दारं मोजायचं ठरवलं. नियम एकच : भोकाकडे दोन मिनिटं बघायचं, मुंगी आत गेली किंवा बाहेर आली तर ते दार.

मैदान साठ मीटर लांब, चाळीस मीटर रुंद. दोन मीटरची बाजू धरून चौकटी पाडल्या तर सहाशे होतात. डब्याच्या सुट्टीत तिने दहा चौकटी मोजल्या, सव्वीस दारं मिळाली, म्हणजे चौकटीला 2.6, गुणिले सहाशे, एक हजार पाचशे साठ. दिवाळीला धुळ्याला आजोळी आली तेव्हा हा आकडा तिने ओसरीवर पाऊल ठेवतानाच जाहीर केला.

माझे वडील, म्हणजे तिचे आबा, कृषी खात्यातून निवृत्त झालेले. साक्री-शिरपूरकडच्या शिवारांत पीक कापणी प्रयोग करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "कितल्या व्हयन्यात वं माय?" आकडा पुन्हा ऐकून म्हणाले, "आणि त्या दहा चौकटी कुठल्या?"

"निंबाखालच्या. तिथेच असतात ना जास्त!"

"मग जत्रेच्या दिवशी देवळापुढची माणसं मोजून गावाची लोकसंख्या काढलीस की तू."

पैसेवारी जाहीर झाली की खानदेशात चावडीवर वाद ठरलेलाच असतो. पण पीक कापणीत शेत आणि शेतातला तुकडा कोणी 'निवडत' नाही, हे त्या वादात बहुतेकांना ठाऊक नसतं. गावातली शेतं क्रमांकांनी येतात, कोणतं शेत घ्यायचं ते यादृच्छिक आकड्यांवरून ठरतं, आणि त्या शेतातही कोपऱ्यापासून किती पावलं लांब आणि किती पावलं आत जायचं तेही आकडेच सांगतात. तिथे खुंट्या ठोकायच्या, दोरी लावायची, अनेक पिकांना दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा कापायचा, मळणी करायची, वजन घ्यायचं. तिथे पीक विरळ असलं तरी तोच तुकडा. आबा सांगत होते की शेतकरी हाताला धरून म्हणायचा, साहेब, इथे काही नाही, तिकडे चला. तलाठी म्हणायचा, ऊन फार आहे, बांधाजवळच उरकू. दोघांचं ऐकलं नाही, तरच तो प्रयोग.

जळगावला परत गेल्यावर तिने दोन पिशव्या केल्या, एकीत 1 ते 30 च्या चिठ्ठ्या, दुसरीत 1 ते 20 च्या. दोन्हींतून एकेक काढायची. लांबीला सतरावी, रुंदीला चौथी, अशी चौकट ठरली. मग तिथे फक्कीने कोपरे पाडायचे आणि सुतळी ताणायची. तीस चौकटींत अठरा दारं निघाली. निम्म्याहून जास्त चौकटींत काहीच नव्हतं, आणि त्या ती वहीत लिहीतच नव्हती. "काही नाहीच तर लिहू काय?" असं तिने फोनवर विचारलं. मला या सगळ्यात हा प्रश्न फार आवडला. रिकामी चौकट वगळली की भागाकार तीसने न होता तेराने होतो आणि मैदान एका क्षणात मुंग्यांनी गजबजतं. तिथे शून्य लिहावंच लागतं, कारण त्या जागेनेही उत्तर दिलेलं असतं.

अठरा भागिले तीस, गुणिले सहाशे : 360. खात्रीसाठी तिने चिठ्ठ्या परत टाकून नव्या तीस काढल्या. या वेळी सत्तावीस दारं, म्हणजे 540. पोर रडकुंडीला आली. मैदान तेच, आठवडा तोच, मग खरं काय?

आबांनी तिला दोन्ही वेळच्या चौकटी नकाशावर मांडायला लावल्या. पहिल्या खेपेला निंब-नळाच्या पट्ट्यातल्या तीन चौकटी आल्या होत्या, दुसऱ्या खेपेला आठ. मैदानभर दारं सारखी पसरलेली असती तर चिठ्ठी कुठलीही निघो, फरक थोडाच पडला असता. पण मुंग्या तशा राहत नाहीत. निंबाखाली सावली, लिंबोळ्या, पोळीचे तुकडे, नळाशी ओल, मधल्या दाबलेल्या मुरमात मात्र खणायलाच जड. असा दाटीवाटीचा मामला असला की सोडतीत दाट पट्टा किती वेळा आला यावर सगळा आकडा हेलकावतो.

यावर उपाय मैदानाचे दोन भाग करण्याचा. कडेच्या पट्ट्यात शंभर चौकटी बसतात, उरलेल्या भागात पाचशे. दोन्हींतून वेगवेगळ्या सोडतीने पंधरा-पंधरा घ्यायच्या. कडेच्या पंधरांत तेहेतीस दारं मिळाली, उरलेल्या पंधरांत सहा. तिने बेरीज केली एकोणचाळीस, भागिले तीस, गुणिले सहाशे, आणि 780 लिहून मोकळी झाली. इथे मोठी माणसंही घसरतात. पट्टा मैदानाचा सहावा हिस्सा, पण चौकटी त्याला निम्म्या दिलेल्या. सरसकट सरासरी काढली की त्याचा आवाज तिप्पट होतो. प्रत्येक भागाला त्याच्याच आकाराने गुणायला हवं. पट्ट्यात चौकटीला 2.2, शंभर चौकटी, 220 दारं. उरलेल्यात चौकटीला 0.4, पाचशे चौकटी, 200 दारं. एकूण 420.

आणखी एक गोष्ट तिच्या हातून होत होती, ती मी दिवाळीनंतर जळगावला गेले तेव्हा पाहिली. सुतळीच्या जरा बाहेर दार असलं की ती म्हणायची, "एवढंसंच बाहेर आहे, घेऊ या." तिचा जीव त्या मुंगीत अडकायचा. आत असलेलं दार मात्र तिने कधी बाहेर काढलं नाही. म्हणजे चूक व्हायची ती नेहमी एकाच बाजूला. दोन मीटरची चौकट चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर सैल झाली तर क्षेत्र चाराचं 4.41 होतं, दहा टक्के जास्त. तेवढीच सैल सुतळी अर्ध्या मीटरच्या चौकटीला लावली तर क्षेत्र 44 टक्क्यांनी फुगतं. चौकट जितकी लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने तिची कड मोठी.

हाच मुद्दा 1940 च्या दशकात देशपातळीवर गाजला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे तेव्हा दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत पीक कापणीची पद्धत बसवत होते. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकडे कापण्याच्या बाजूचे होते. खर्च कमी, ठिकाणं जास्त. सुखात्म्यांनी प्रयोगांवरून दाखवलं की फार लहान तुकड्यात कडेवरची ताटं कापणाऱ्याच्या हातून आत ओढली जातात आणि उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. आबा त्यांचं नाव घरातल्या वडीलधाऱ्यासारखं घेतात. भाचीला त्यांनी नियम घालून दिला : डाव्या आणि खालच्या सुतळीवर आलेलं दार आपलं, उजव्या आणि वरच्या सुतळीवरचं शेजारच्या चौकटीचं. दया दाखवायची नाही.

मग ऋतू बदलले. चिठ्ठ्या मात्र तिने पुन्हा काढल्या नाहीत. दोन भागांतल्या त्याच तीस चौकटींकडे ती परत गेली. दर वेळी नव्या चौकटी घेतल्या तर फरक ऋतूचा की सोडतीचा हे कळायचं नाही. वैशाखात आखाजीसाठी धुळ्याला निघण्याआधी तिने सकाळी सातला मोजलं : पट्ट्यात एकवीस, बाकीत तीन, हिशेबाने 240. त्याच दिवशी भर दुपारी आईचा डोळा चुकवून पुन्हा गेली. पट्ट्यात तीन, बाकीत शून्य. हिशेबाने वीस!

पाच तासांत दोनशेवीस दारं कुठे जातील? जळगावचं ऊन चव्वेचाळीसवर गेलं की उघड्या जमिनीचा चटका हवेहून कितीतरी जास्त असतो आणि बहुतेक मुंग्या आत थांबतात. काही दारं भेगांच्या पोटात असतील, तीही वरून दिसत नाहीत. थोडक्यात, तिचा आकडा त्या वेळी वाहत्या असलेल्या दारांचा होता. दार बंद आहे की घरच ओस पडलंय, हे तिची पद्धत सांगू शकत नव्हती. टरफलांच्या रिंगणाचा थोडा आधार होता. दाणे साठवणाऱ्या मुंग्यांचं रिंगण दार बंद असलं तरी जागेवर दिसतं, म्हणून तिने त्याचा वेगळा रकाना केला. याच जातकुळीच्या मुंग्या पावसानंतर भिजलेले दाणे बाहेर आणून वाळवतात, हे पुण्यात कर्नल साइक्सने पाहून 1830 च्या दशकात लिहून ठेवलंय. आषाढात तिलाही तसं एक वाळवण दिसलं, तेव्हा त्या दिवशीचं मोजणं राहून गेलं. मी काही बोलले नाही.

वर्षाअखेरीस तिने निष्कर्ष लिहिला, 'जळगावात उन्हाळ्यात मुंग्या कमी होतात.' आबांनी पहिल्या तीन शब्दांवर पेन्सिल फिरवली. जळगावात नव्हे, एका मैदानात. उन्हाळ्यात नव्हे, एका वैशाखातल्या एका सकाळी. मुंग्या नव्हे, वाहती दारं. तीस चौकटी घेतल्या तरी मैदान एकच होतं. दुसऱ्या शाळेबद्दल त्या तीस चौकटींना काहीच म्हणता येत नाही. यावर ती दोन दिवस आबांशी बोलली नाही.

तेव्हा धुळ्यातल्या, भुसावळातल्या, चाळीसगावातल्या शिक्षकांना विनंती. आपल्या शाळेला कडेने झाडं आणि मधे मुरूम असलेलं मैदान असेल, तर येत्या ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर सकाळी सातला पोरांना सुतळी आणि चिठ्ठ्यांच्या दोन पिशव्या द्या. चौकट दोन मीटरची, कडेला पंधरा, बाकीत पंधरा, दोन मिनिटांचा नियम तोच. आणि रिकाम्या चौकटीपुढे शून्य लिहायला लावा.