फोटोखालची ओळ

१५ सप्टेंबर २०१८, शनिवार. श्टुटगार्टमधल्या एका प्राथमिक शाळेच्या पायऱ्यांवर माझी सहा वर्षांची लेक उभी आहे. पाठीवर तिच्यापेक्षा रुंद दप्तर, डाव्या कुशीत जवळजवळ तिच्या खांद्यापर्यंत येणारा पुठ्ठ्याचा रंगीत कोन आणि उजव्या हातात लाकडी चौकटीची दगडी पाटी. पाटीवर जर्मनमध्ये लिहिलंय, 'माइन एर्स्टर शूलटाग'. माझा शाळेचा पहिला दिवस.

तो फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर पाठवायला बसले. फोटोखाली एक ओळ लिहायची होती, पण ती काही केल्या लिहून होईना. 'आमची परी शाळेत निघाली' लिहिलं, पुसलं. 'नवा देश, नवी शाळा' लिहिलं, तेही पुसलं. त्या ओळीच्या मागे दहा महिने उभे होते.

आम्ही जर्मनीत आलो ते २०१७च्या नोव्हेंबरात. लेक तेव्हा सव्वापाच वर्षांची होती. पुण्यात अखंड बडबडणारी ही मुलगी इथल्या बालवाडीत गेली आणि गप्प झाली. रोज दुपारी घ्यायला गेले की बाई सांगायच्या, आज खेळली, जेवली, पण बोलली नाही. घरी आली की जिन्यातच तिची मराठी सुरू व्हायची, दिवसभराची साठलेली. ती ऐकताना मला आनंद व्हायचा आणि पोटात गोळाही यायचा.

इथे शाळा निवडायची नसते. आमच्या राज्यात तुमचा पत्ता ज्या प्राथमिक शाळेच्या हद्दीत, तीच तुमची शाळा. तेव्हाच्या नियमानं ३० सप्टेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल त्याच वर्षी पहिलीत जायचं. लेकीचा वाढदिवस ऑगस्टचा, म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलांपैकी ती एक असणार, आणि भाषा येत नसलेली. वर्षभर थांबवावं का, हा प्रश्न आमच्या घरात तेव्हा जेवणाच्या ताटावरही असायचा.

शाळेआधी आरोग्य खात्याची तपासणी असते. वसंतात आम्हाला बोलावणं आलं. कान तपासले, डोळे तपासले, उंची-वजन झालं. मग डॉक्टरबाईंनी तिला एका पायावर उड्या मारायला लावलं, माणूस काढायला सांगितला, ठिपके मोजायला दिले. ते सगळं तिनं भराभर केलं. शेवटी चित्रं आली. साळिंदरासारख्या काटेरी इवल्या प्राण्याचं चित्र पाहताच लेक 'ईगेल' म्हणाली. असा प्राणी तिनं पुण्यात कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्याला तिच्याकडे जर्मन नावच होतं. मग बर्फावरून घसरत जायच्या गाडीचं चित्र आलं. ती बराच वेळ पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "घसरगुंडी."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगितला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "वस्तू काय करते ते तिला नेमकं कळलंय. फक्त आमचा शब्द नाही." पुढची चार चित्रं त्यांनी तिला मराठीतच ओळखायला सांगितली आणि मला अर्थ विचारले. मूल समजण्यात मागे आहे की नुसतं एका भाषेत नवं आहे, हे असं वेगळं काढायचं असतं, ते मी तेव्हा शिकले. निघताना त्या म्हणाल्या, "घरी तुमचीच भाषा बोला, भरपूर बोला. जर्मन शिकवायचं काम आमच्यावर सोडा." मुख्याध्यापकांनी निर्णय दिला: पहिलीतच बसवायचं, आणि आठवड्यातले काही तास जर्मनसाठी वेगळे.

मग कोनाची तयारी सुरू झाली. या कोनाला इथे 'शूलट्यूटं' म्हणतात, शाळेचा पुडा. पहिलीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात तो असतोच. बालवाडीत पालकांसाठी एक संध्याकाळ ठेवली होती. सत्तर सेंटिमीटरचा पुठ्ठा, फेल्टचे तुकडे, डिंक, वरच्या तोंडाला बांधायला झिरमिरीत कागद आणि रिबीन. बाकीच्या आया घोडे, डायनासोर, अंतराळयानं कापत होत्या. लेकीला हवा होता हत्ती, आणि त्याच्या पायाशी उंदीर. मी रात्री दहापर्यंत हत्तीची सोंड कापत बसले होते.

तो कोन भरताना खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. या आजी मूळच्या सॅक्सनीच्या, लहानपणी इकडे आलेल्या. ही चालच मुळी तिकडची, सॅक्सनी आणि थुरिंगियातली, दोनशे वर्षांपूर्वीची. तिकडे त्याला साखरेचा पुडा म्हणतात, आणि त्यांचा पुडा असतो सहा कोनांचा, इकडचा गोल. आजी सांगत होत्या, त्यांच्या लहानपणी मुलांना सांगायचे की शाळेत साखरेच्या पुड्यांचं झाड असतं. पुडे पुरेसे मोठे झाले की तुमची शाळेत जायची वेळ झाली. युद्ध संपल्यावर त्या पहिलीत गेल्या. त्यांच्या पुड्यात तळाशी बटाटे होते, मधे वर्तमानपत्र आणि वर मोजून काही गोळ्या. "पण बाहेरून तो भरलेलाच दिसत होता," असं त्या अभिमानानं म्हणाल्या.

मी तळापासून भरायला घेतलं होतं. राजगिऱ्याची चिक्की, बेसनाचे लाडू डब्यात घालून, रंगीत पेन्सिली, खोडरबर, एक छोटी विजेरी. आजींनी कोन उचलून पाहिला आणि सगळं बाहेर काढलं. अर्ध्यापर्यंत चुरगाळलेला कागद भरा, म्हणाल्या. टोकात जड वस्तू घातली तर टोक फाटतं, आणि ही पोर तो दोन तास कुशीत धरून उभी राहणार आहे. एरिश केस्टनर या लेखकानं आपल्या बालपणाच्या आठवणींत लिहिलंय म्हणे, ड्रेस्डेनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी शेजारणीला पुडा दाखवायला गेला आणि तिच्या दारातच अडखळून सगळा खाऊ सांडला. आजींनी ही गोष्ट आपल्याच गल्लीत घडल्यासारखी सांगितली, आणि रिबीनीला दोन गाठी मारल्या.

कोनाच्या बाजूला टेबलावर पाटी ठेवलेली होती. ती माझ्या बाबांनी बॅगेत घालून दिली होती. बाबा साताऱ्याकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. निघताना म्हणाले होते, "तिकडे सगळं मिळेल. पाटी मिळायची नाही." आजींनी ती उचलली, चौकटीवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, माझीही अशीच होती. एका बाजूला रेघा, दुसऱ्या बाजूला चौकोन. चौकटीला भोक, त्यातून दोरी, दोरीला स्पंज. आणि तो स्पंज वाळावा म्हणून दप्तराबाहेर लोंबत ठेवायचा. शाळेत जाताना सगळ्या पोरांच्या पाठीवर स्पंज हलत असायचे. मी त्यांना माझ्या ओल्या फडक्याबद्दल सांगितलं, आणि पाटी वाळावी म्हणून हवेत हलवत आम्ही मुली जे काय म्हणायचो त्याबद्दलही.

त्यांनीच पेन्सिल घेऊन पाटीवर 'माइन एर्स्टर शूलटाग' लिहिलं. सुबक, जरा कापऱ्या अक्षरात.

त्या गेल्यावर मी पाटी उलटी केली. त्या आठवड्यात आमच्याकडे गणपती होते. दसऱ्याला अजून महिना होता, पण पाटीपूजन मला शाळेच्या आधीच करायचं होतं. लेकीला सरस्वती कशी काढायची ते दाखवलं: एकाचा आकडा, त्याच्या बाजूला दुसरा, ओळीखाली ओळ, सगळे एकमेकांत गुंफून. तिनं पेन्सिल हातात घेतली आणि एक काढायला लागली. मी थांबले. आपल्या गोल पोटाच्या १ ऐवजी ती बालवाडीत पाहिलेला इथला एक काढत होती. खालून वर चढत गेलेली लांब तिरकी रेघ, मग वरून सरळ खाली, डोंगराच्या टोकासारखा. तिला मी आपला १ शिकवलाही होता. पण हाताला जो आला तो हा. दुरुस्त करावा म्हणून मी फडकं उचललं, आणि तसंच खाली ठेवलं. आम्ही त्या सरस्वतीला हळदकुंकू वाहिलं आणि गूळखोबरं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत दुसरीतल्या मुलांनी गाणं म्हटलं, एक छोटं नाटुकलं केलं. मग मुख्याध्यापक यादी घेऊन उभे राहिले. एकेक नाव पुकारलं की ते मूल कोन सावरत पुढे जायचं आणि आपल्या बाईंशेजारी उभं राहायचं. माझ्या लेकीच्या नावाची सुरुवात ज्ञ नं होते. रोमन लिपीत ती तीन व्यंजनं एकापुढे एक उभी राहतात, आणि जर्मन माणसाची जीभ तिथे अडतेच. तिला कळेल ना, उठेल ना, रडणार तर नाही ना, माझं सगळं लक्ष त्या यादीकडे. मुख्याध्यापक एका नावाशी थांबले. कागद जरा जवळ घेतला. ते तोंड उघडायच्या आत माझी लेक उठली, हत्तीचा कोन कुशीत घट्ट धरला आणि चालू लागली. इतक्या महिन्यांत तिला ठाऊक झालं होतं, माणसं जिथे थांबतात ते आपलं नाव. मुख्याध्यापकांनी तिच्याकडे वाकून ते विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं, तिनं मान हलवली आणि परत सांगितलं. त्या सभागृहात जर्मन माणसासमोर ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, ते आपलं नाव.

मुलं बाईंबरोबर पहिल्या तासाला गेली. आम्ही पालक आवारात कॉफी-केक घेऊन उभे होतो. साताऱ्यात तेव्हा दुपार झाली होती. तो गौरी आवाहनाचा दिवस. आई उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं काढत असणार. मी बंद दाराकडे पाहत उभी होते आणि मला सारखी ती आत येणारी पावलं दिसत होती.

तासानं दार उघडलं. ती बाहेर आली, फोटो काढला. शेवटी मी त्याखाली लिहिलं: 'आज शाळेत गेली. पाटीच्या मागच्या बाजूला सरस्वती आहे.'

अभिनंदनं आली, फुलं आली, हात जोडलेली चित्रं आली. बाबांचं उत्तर तासाभरानं आलं: "मागची बाजू पाठव." मी पाठवली. मग त्यांचा फोनच आला. पस्तीस वर्षं पाट्या तपासलेला माणूस. म्हणाले, "एक आपले नाहीत." मी म्हटलं, हो बाबा. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "पण ओळी सरळ आहेत. सरस्वती नीट बसलीय. पुसू नकोस."

सात वर्षं झाली. लेक आता आठवीत आहे. पाटी तिच्या पुस्तकांच्या फळीवर आहे, मागची बाजू पुढे करून. आम्ही ती पुसलेली नाही.