काय करून रायली वं?

इंदूरमध्ये मराठी एका सुरात ऐकू येत नाही. होळकरांच्या काळात दक्षिणेतून आलेल्या घरांची मराठी वेगळी. नोकरीसाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी अकोला-अमरावतीकडून आलेल्यांची वऱ्हाडी वेगळी, आणि बऱ्हाणपूर, जळगाव, धुळ्याकडच्या लोकांची अहिराणी तर आणखीनच वेगळी. माझ्या घरची मराठी मराठवाड्याची, पण तिच्यात इंदूरची हिंदी पुरती मुरलेली. त्यामुळे एखाद्या रविवारी चर्चमधून घरी येईपर्यंत मला तीन-चार तऱ्हांनी 'कशी आहेस' विचारलं जातं. या प्रत्येकाला उत्तर काय आणि कसं द्यायचं, याबद्दल हे लिहिते आहे.

आमच्या शेजारी एक मावशी राहतात, मूळच्या अकोल्याकडच्या. मी गॅलरीत दिसले की त्यांचं ठरलेलं असतं: "काय करून रायली वं पोरी? जेवन झालं का?" वरवर हे दोन प्रश्न आहेत. पण मी नेमकं काय करते आहे याची चौकशी त्यांना करायची नसते. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 साली अशा बोलण्याला 'फॅटिक कम्युनियन' म्हटलं, म्हणजे माहितीसाठी नाही तर नातं चालू ठेवण्यासाठीचं बोलणं. इंग्रजीत 'हाऊ आर यू'ला कुणी तब्येतीचा अहवाल देत नाही, तसंच हे. फरक एवढाच की इंग्रजीत 'फाइन, थँक यू' म्हटलं की काम संपतं. मावशींना कुणी "मी ठीक आहे, धन्यवाद" म्हणालं, तर ते दार लावून घेतल्यासारखं होतं. त्यांच्या प्रश्नाला छोटं उत्तर हवं आणि लगेच उलटा प्रश्न हवा. "अभ्यास चाललाय मावशी. जेवले आत्ताच. तुमचं झालं का?" बस. यात जेवणाचा भाग जरा जपून. "नाही अजून" म्हणालात तर "मंग ये ना, बस" येणारच, आणि मग जावं लागतं. वेळ नसेल तर "होतंच आहे आता" हे बरं.

आता या उत्तराची बोली कोणती? इथेच लोक दोन बाजूंनी घसरतात.

पहिली बाजू सुधारण्याची. तोंडावर "रायली नाही, राहिलीस म्हणा" असं सहसा कुणी म्हणत नाही. सुधारणा उत्तरातून हळूच होते: "मी काय करते आहे? मी अभ्यास करते आहे. जेवण? जेवण झालं." म्हणजे समोरच्याचंच वाक्य प्रमाण मराठीत धुऊन परत द्यायचं आणि 'ण'वर जरा जास्तच जोर द्यायचा. बोलणाऱ्याला वाटतं आपण फक्त नीट बोललो. ऐकणाऱ्याला मात्र कळतं की आपल्या 'जेवन'चा 'न' मोजला गेला.

दुसरी बाजू नकलेची. पुण्याहून आलेला माझा एक चुलतभाऊ मावशींना म्हणाला, "हाव ना वं माय, अभ्यास करून रायली ती!" शब्द बरोबर, हेल जरा जास्त, आणि नजर मावशींकडे नाही तर माझ्याकडे. नक्कल ओळखायची खूण हीच. बोलणं मावशींशी चाललेलं असतं, पण ऐकवायचं दुसऱ्याच कुणाला असतं.

मावशी रागावल्या नाहीत. हसल्या आणि म्हणाल्या, "अच्छा, पुणे से आए हो? कितने दिन रहोगे?" आणि तो असेपर्यंत त्या त्याच्याशी हिंदीतच बोलल्या.

ही गोष्ट इंदूरची आहे, म्हणून मला महत्त्वाची वाटते. पुण्यात बोलीला कुणी हसलं, तर माणूस अडखळत का होईना, प्रमाण मराठीकडे वळतो. इथे प्रत्येक मराठी माणसाच्या हाताशी हिंदी असते, आणि हिंदीत त्याला कुणी हसत नाही. त्यामुळे इथे हसलेली बोली सुधारत नाही, बंद होते. त्या दोघांपुरती मराठीच संपते. आपलं काही चुकलंय का, हेही त्यावरूनच कळतं: वाक्यं आखूड होतात, "आमचं बोलनं असंच आहे बाप्पा" असं सावरणं येतं, नाहीतर सरळ हिंदी सुरू होते.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. प्रश्न त्यांच्या बोलीत, उत्तर माझ्या बोलीत. मी वऱ्हाडी होत नाही, त्यांनाही पुणेरी करत नाही. आता 'करून राहणे' ही रचना आम्हा इंदूरकरांच्याही तोंडात असते. "मी येऊन राहिले" मी रोज म्हणते, आणि पुण्यातल्या नातेवाइकांकडून त्यावर हसूही ऐकते. तेव्हा मावशींशी बोलताना ते आलं तर ती नक्कल नव्हे. मावशी नसतानाही मी तसंच बोलले असते का, एवढं पाहिलं की पुरतं. वर्षभराच्या शेजारात त्यांचा 'मंग' माझ्या तोंडात आलाय. तो आता माझ्या आईशी बोलतानाही येतो, म्हणजे तो माझा झाला.

अहिराणीत हे आणखी स्पष्ट होतं. वर्गातल्या एका मैत्रिणीची आई धुळ्याकडची. त्या विचारतात, "कशी शेस?" पुष्कळांना वाटतं की 'शे' म्हणजे 'आहे'चा बिघडलेला उच्चार. तसं नाही. 'शे' हे अहिराणीचं स्वतःचं क्रियापद आहे. ग्रियर्सनने भारताच्या भाषिक सर्वेक्षणात मराठीसाठी सातवा खंड दिला, पण खानदेशी म्हणजे अहिराणी त्यात घेतली नाही, तिला नवव्या खंडात भिल्ली बोलींच्या शेजारी ठेवलं. वर्गीकरणावर वाद घालता येईल, पण जी मुळात वेगळ्या व्याकरणाने चालते तिची मराठी म्हणून चूक काढता येणार नाही. मी म्हणते, "बरी आहे काकू. तुम्ही कशा आहात?" त्या म्हणतात, "बरी शे." दोघी आपापल्या बोलीत, आणि गाडी कुठे अडत नाही. एखादा शब्द कळला नाही तर मी "म्हणजे काय काकू?" विचारते. "म्हणजे अमुक ना?" असं प्रमाण शब्द पुढे करून विचारलं की तो प्रश्न तपासणीसारखा वाटतो.

जसंच्या तसं परत द्यायचं एकच असतं, ते म्हणजे अभिवादनाचा ठरलेला शब्द. निमाड-खानदेशाकडचे आजोबा "रामराम" म्हणाले की उत्तर "रामराम"च. मी कॅथलिक आहे म्हणून तिथे "हॅलो" म्हणावं असं मला कधी वाटलं नाही. गावाकडे तो भेटीचा शब्द आहे, आणि त्याची जोडी तोच शब्द पुरी करतो. मात्र दोन मित्रांमधलं "का बे" उचलून कुणी मावशींच्या जावयाला म्हणू नये. तिथे शब्दाला नातं चिकटलेलं असतं, आणि ते नातं आपलं नसतं.

आणि दुरुस्ती कधीच करायची नाही का? मागितली तर जरूर. मावशींनी एकदा सोसायटीला द्यायचा मराठी अर्ज माझ्याकडून तपासून घेतला. कागदावर मी 'पानी'चं 'पाणी' केलं. अर्ज हातात घेऊन त्या म्हणाल्या, "बस ना वं, पानी देतो तुले." मी म्हटलं, "द्या."