चालीचा माग आणि शब्दांचा माग

शब्द विसरलेलं गाणं शोधताना बहुतेक जण सूर नेमका लावायला धडपडतात. त्याची गरज नाही. पट्टी बदलली, स्वर थोडे ढळले, तरी पुढचा स्वर वर गेला, खाली आला की तिथेच राहिला, एवढं आठवणीत बहुधा शाबूत असतं. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ मध्ये याच तीन खुणांवर सुरावटींची एक सूचीच प्रसिद्ध केली. आपलं राष्ट्रगीत घ्या. सुरुवातीला सा, रे, ग. मग बराच वेळ ग. नंतर रे, ग, म. म्हणजे दोनदा वर, मग तिथेच, मग एकदा खाली आणि दोनदा वर. दोनदा वर जाणारी गाणी अगणित असतील. ओळख पटते ती ग वरच्या लांब मुक्कामाने. मात्र तोंड मिटून गुणगुणलं, की हे सारखे स्वर एकात एक मिसळतात आणि नेमकी तीच खूण पुसली जाते. म्हणून प्रत्येक स्वर ‘ता’ म्हणून वेगळा उच्चारावा, आणि चालीतली वेगळी जागा येईपर्यंत थांबू नये.

आता हे काम फोन करतो, मग एवढा विचार कशाला, असं कोणी म्हणेल. गुगलवर २०२० पासून गुणगुणून गाणं शोधता येतं, हे खरंच. पण त्यासाठी त्या गाण्याची चाल आधी साठ्यात हवी, आणि ती त्या गाण्याची स्वतःची हवी. भावगीताला, चित्रपटगीताला हे लागू पडतं. आटगावच्या किंवा मुरबाडकडच्या एखाद्या घरात आजीने म्हटलेली जात्यावरची ओवी शोधायची असेल, तर अडचण मुळातच आहे: एकाच चालीत कितीतरी ओव्या म्हटल्या जातात. चालीवरून फार तर गाण्याचा प्रकार कळेल, नेमकी ओवी नाही.

तिथे शब्दच हवेत, पण आधी आठवणारे शब्द बहुधा निरुपयोगी ठरतात. गाताना घातलेलं ‘गं बाई’, पालुपद, आईला किंवा भावाला घातलेली साद हे असंख्य ओव्यांत सापडतं. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या आहेत. ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या २०१७ पासून येत आहेत. एवढ्या साठ्यात ‘भाऊ’ शोधून काय हाती लागणार? समजा, भाऊ, बैल आणि म्हसा एवढंच आठवतं. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या यात्रेत बैलांचा बाजार भरतो; म्हणून आधी गावाचं नाव शोधावं, मग त्यातून बैल असलेल्या ओव्या वेगळ्या काढाव्यात, भाऊ सगळ्यात शेवटी. यावर रास्त आक्षेप असा, की गाणारी बाई गावाचं नाव बदलते. म्हशाच्या जागी दुसरी यात्रा येते. तेव्हा नाव सोडून ओळींच्या शेवटचं यमक धरावं. नाव बदललं तरी यमक सहसा टिकतं, कारण ते मोडलं तर ओवीच मोडते. नाव यमकातच असेल, तर मात्र दोन्ही खुणा एकदम जातात. मग त्याच घरातल्या, त्याच वयाच्या दुसऱ्या बाईला विचारावं लागतं.