आजीच्या वाड्यातली वायर

२०२३ च्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळी स्टँडअप मीटिंग चालू असताना आजीचा फोन आला. आजी मीटिंगच्या वेळी कधी फोन करत नाही, म्हणून मी म्यूट करून उचलला. "काल रात्रीपासून लाइट नाहीत रे. नळालाही पाणी नाही. तू ये म्हणजे झालं." इतकंच बोलून तिने फोन ठेवला.

आजी पुण्यात पेठेतल्या एका वाड्यात, पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. आजोबांनी १९६४ मध्ये त्या भाड्याने घेतल्या. पूर्वी वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती, आता तीन उरली आहेत. जुन्या मालकांचा मुलगा आता मालक आहे. आजीच्या हातचे डिंकाचे लाडू खाऊन मोठा झालेला. वाडा पाडून इमारत बांधायची त्याची इच्छा आहे आणि ती समजण्यासारखीही आहे. वर्षभर तो "आजी, विचार करा" म्हणत होता. मग त्याने भाडं घेणं बंद केलं.

मी गेलो तेव्हा जिन्यातही अंधार होता. वाड्याला वीज कंपनीचं एकच मुख्य मीटर आहे, मालकाच्या नावावर. त्याच्यापुढे प्रत्येक बिऱ्हाडाचं सबमीटर, आणि रीडिंगप्रमाणे पैसे मालकाकडे द्यायचे. जिन्याखालच्या बोर्डाजवळ मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर मुख्य मीटरचा डिस्प्ले चालू होता. म्हणजे रस्त्यावरून वीज येत होती. आमच्या सबमीटरला येणारी वायर मात्र स्क्रू सैल करून बाहेर काढलेली होती आणि टोकाला नवी कोरी काळी टेप गुंडाळली होती. शॉर्टसर्किट झालं असतं तर जळका वास, काळा डाग, उडालेला फ्यूज असं काहीतरी दिसलं असतं. बिघाड कधी स्वतःला टेप लावत नाही.

खिशात टेस्टर होता. ती वायर जागेवर बसवायला पाच मिनिटं लागली असती. माझा हात पुढे गेलाही होता. बाबांनी तो धरला आणि म्हणाले, "आधी फोटो काढ."

बाबांचं बरोबर होतं. मी वायर जोडली असती तर शॉक लागायची भीती होतीच. शिवाय मालकाने वीजचोरीची तक्रार केली असती आणि वायर काढल्याचा पुरावा मीच पुसला असता. आम्ही बोर्डाचे, चालू डिस्प्लेचे, कोरड्या नळाचे फोटो काढले. शेजारच्या काकूंकडून काय आणि कधी झालं ते दोन ओळींत लिहून सही घेतली.

पाण्याचं प्रकरण जास्त चलाखीचं होतं. नळजोड मालकाच्या नावावर आहे. पाणीपट्टी त्याने दोन वर्षं भरलीच नव्हती, म्हणून पालिकेच्या माणसांनी येऊन जोड तोडला. आम्ही विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "मी कुठे तोडलं? पालिकेने तोडलं."

पोलीस चौकीत हवालदारांनी ऐकून घेतलं आणि "हे दिवाणी आहे, कोर्टात जा" म्हणाले. बराच वेळ बसल्यावर अदखलपात्र तक्रार नोंदवली आणि प्रत दिली. त्या कागदाने लाइट येत नाहीत. पण कोणत्या तारखेपासून काय बंद आहे याची सरकारी नोंद झाली, आणि पुढे तीच उपयोगी पडली.

वकीलबाईंनी आमच्यासमोर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २९ उघडलं. योग्य आणि पुरेसं कारण नसताना मालकाने भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडू नये किंवा अडवू नये, असं ते सांगतं. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई हे सगळं त्यात येतं. याच कलमाच्या एका स्पष्टीकरणात मालकाच्या चलाखीचं उत्तर होतं: मालकाच्या कृतीमुळे किंवा त्याने काही न केल्यामुळे पालिकेने पुरवठा तोडला, तरी तो मालकानेच अडवला असं धरलं जातं. पट्टी न भरणं हे 'काही न करणं'च झालं.

आता 'योग्य कारण नसताना' हे शब्द उरले. मालक म्हणणार होता की आजीने भाडं थकवलं आहे. इथे बाबांची जुनी पत्र्याची पेटी कामी आली. मालकाने भाडं नाकारल्यापासून बाबा दर महिन्याला भाडं आणि सबमीटरचे पैसे मनीऑर्डरने पाठवत होते. ती 'घेण्यास नकार' असा शेरा लागून परत यायची, आणि ते सगळे कागद पेटीत लावून ठेवले होते. मी त्यांना हसायचो.

पुण्यात असा अर्ज लघुवाद न्यायालयात जातो. पूर्ण चौकशीला वेळ लागतो, पण त्याआधीच ठरावीक तारखेपर्यंत पुरवठा सुरू करण्याचा अंतरिम आदेश न्यायालय देऊ शकतं. आम्ही तोच मागितला. पहिल्या तारखेला मालकाचा वकील आला नाही. दुसऱ्या तारखेला फोटो, मनीऑर्डरी आणि तक्रारीची प्रत पाहून आदेश झाला. तोपर्यंत सतरा दिवस मी ऑफिसच्या आधी आणि नंतर वीस लिटरचे दोन कॅन जिन्यावरून चढवत होतो. आमच्याकडे यायला आजी तयार नव्हती. "मी खाली उतरले की तो कुलूप लावेल," म्हणायची. मला ते अती वाटायचं. वकीलबाईंना अजिबात वाटलं नाही.

आदेशानंतर वायर जोडली गेली, थकबाकी भरली गेली, पाणी आलं. पण या कायद्याचे दातही पाहून घ्या. आदेश पाळला नाही तर दंड दिवसाला फार तर शंभर रुपये. पुरवठा तोडल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण त्यासाठी वेगळा खटला चालून गुन्हा सिद्ध व्हावा लागतो. कोट्यवधींच्या जागेपुढे शंभर रुपये म्हणजे चहाचा खर्च.

म्हणून वकीलबाईंनी खरा भर दिला तो याच कलमाच्या दुसऱ्या भागावर. पुरवठा अडवला असेल तर भाडेकरू स्वतःच्या खर्चाने स्वतःचा जोड मागू शकतो, आणि मालकाच्या ना-हरकत पत्राचा आग्रह न धरता तो देता येतो. विजेचंही तसंच आहे. २००३ चा वीज कायदा 'मालक किंवा भोगवटादार' दोघांच्याही अर्जावर वीज द्यायला सांगतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की मालकाचं ना-हरकत नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही; अर्जदार तिथे खरंच राहतो का, एवढंच पाहायचं. काउंटरवर आमच्याकडे ना-हरकत मागितलं गेलंच. आम्ही भाडेपावत्या, निकालाची प्रत आणि लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. जूनमध्ये आजीच्या नावाचं मीटर बसलं.

तेव्हा मी स्वतःचा करार काढून पाहिला. माझा ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स आहे. वकीलबाई म्हणाल्या, "तू कायद्याने भाडेकरू नाहीस, परवानाधारक आहेस. आजीचं संरक्षण जसंच्या तसं तुला नाही." मुदत संपली की मला जागा सोडावी लागेल. नाही सोडली तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करेल आणि मला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागेल. पण मुदत संपल्यावरही त्याचा रस्ता त्या अर्जाचाच आहे, पक्कड घेऊन मीटरपाशी जाण्याचा नाही. तुमचा करार नोंदणीकृत आहे का आणि तुम्ही पैसे पुरावा राहील असे देता का, हे आजच पाहा. वायर निघाल्यावर ते कागद तयार करता येत नाहीत.

वाडा एक दिवस पडेलच. आजीलाही ते माहीत आहे. परवा मालक दारात येऊन उभा होता, या वेळी बदल्यात किती जागा देणार याचा कागद घेऊन. आजीने त्याला बसायला सांगितलं, नव्या मीटरच्या लाइटचं बटण दाबलं आणि चष्मा शोधायला आत गेली.